सव्वानऊचे मेल

आमच्या घरात सगळेच तोंडाने फटकळ. वडील कर्जतच्या बाजारात भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत कोणाशीही वाद घालून यायचे आणि घरी येऊन शांतपणे जेवायचे. माझा राग मात्र तोंडात राहिला नाही, बोटांत उतरला. कुंभिवलीच्या कारखान्यात मी डिस्पॅचच्या टेबलावर बसायला लागले आणि मला मेल लिहायची सोय झाली. मग काय, समोरच्याचं तोंड दिसत नाही, तो मधे बोलत नाही, आणि आपण लिहितो तेव्हा आपणच बरोबर असतो.

पहिल्याच महिन्यात एका ट्रान्सपोर्टवाल्याचा टेंपो दोन दिवस आला नाही. मी त्याला असा मेल लिहिला की वडिलांनी वाचला असता तर अभिमानाने पाठ थोपटली असती. लिहिला, पाठवला आणि खुर्चीला टेकले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक हात आला, त्याने माझा माउस धरला आणि पडद्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात आलेल्या ‘अनडू’वर टिचकी मारली. मेल परत माझ्यासमोर उघडा.

तो हात ताईचा. ताई म्हणजे आमच्या क्वालिटी विभागाची तपासनीस, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी, खालापूरजवळच्या एका गावातली. घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारी. माल बाहेर पडायच्या आधी त्याच्या चिठ्ठीवर तिची सही लागायची. सहीनंतर लेबलं, खोकी, गाडी हे माझं काम. त्यामुळे आमची टेबलं एकमेकींना चिकटलेली होती.

मला वाटलं होतं गेलेला मेल परत आणता येतो. ताईने समजावलं की तसं काही नसतं. मेल मुळात गेलेलाच नसतो. बटण दाबल्यावर तो काही सेकंद तसाच थांबवून ठेवलेला असतो, आणि तेवढ्यात आपण नको म्हटलं तर तो निघतच नाही. एकदा निघाला की मग संपलं, कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. माझ्या खात्यात ती मुदत पाच सेकंदांची होती. तिने सेटिंग उघडून तीस केली. त्यापुढे जात नाही म्हणाली.

पण तीस सेकंदांत माझा राग जायचा नाही. उलट तेवढ्यात मला आणखी दोन वाक्यं सुचायची. ताईने हे आठवड्याभरात ओळखलं आणि मला दुसरा उपाय शिकवला. पाठवायच्या बटणाशेजारी लहानसा बाण असतो, तो उघडला की मेल कधी जावा याची तारीख आणि वेळ आपल्याला ठरवता येते. ती म्हणाली, “राग आला का लिव. पोटभर लिव. पन सव्वानऊला लाव, उद्याच्या.”

सव्वानऊच का, तर आमचं ऑफिस नऊला उघडायचं. नऊला आम्ही दोघी आपापला चहा घेऊन बसायचो आणि ‘शेड्यूल्ड’ असं लिहिलेला कप्पा उघडायचो. आदल्या दिवशीचा माझा राग तिथे वाट बघत बसलेला असायचा. मी तो तिला वाचून दाखवायचे. सकाळच्या चहाबरोबर तो राग इतका हास्यास्पद लागायचा की ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं हसून. मग मी ‘रद्द करा’ दाबायचे, मेल मसुदा होऊन ड्राफ्टमध्ये जायचा, आणि आम्ही कामाला लागायचो. अकरा वर्षांत असे किती मेल रद्द केले याची गणती नाही. साहेबांना लिहिलेले, कुरियरवाल्याला लिहिलेले, कॅन्टीनच्या उसळीबद्दल लिहिलेले. एक तर माझ्या नणंदेलाही होता. आमच्यात ‘सव्वानऊला लाव’ हा परवलीचा शब्दच झाला. कोणी डोकं फिरवलं की दोघींपैकी एक जण तेवढंच म्हणायची.

आमच्या साहेबांची तऱ्हा वेगळी होती. त्यांच्या संगणकात कोणीतरी नियम बसवून दिला होता. त्यांचा प्रत्येक मेल दोन मिनिटं आउटबॉक्समध्ये थांबायचा आणि मग जायचा. एका शनिवारी त्यांनी मेल पाठवला आणि लगेच संगणक बंद करून घरी गेले. तो मेल सोमवारी संगणक चालू केल्यावर निघाला. आम्ही दोघी दिवसभर हसलो. आमचं तसं नव्हतं. आमचा वेळ लावलेला मेल संगणक बंद असो, लाइट गेलेली असो, आपण जिवंत असो वा नसो, वेळ झाली की जाणार. हसताना हा फरक मला फार गमतीचा वाटला होता.

ताई डब्यात वालाचं बिरडं आणायची. तिच्या शेतातल्या वालाला जी चव होती ती मला बाजारातल्या वालात कधी मिळाली नाही. अर्धं बिरडं न विचारता माझ्या झाकणात पडायचं. जेवताना ती घरचं बोलायची. तिच्या नवऱ्याची एक बाजू गेली तेव्हा तिने पहिल्यांदा मला सांगितलं, साहेबांना नंतर. त्याला उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं, आणि मग सकाळी कामावर. एकदा घास हातात धरून ती म्हणाली की काल दुपारी झोपेने डोळे मिटत होते आणि दोन चिठ्ठ्यांवर मी माल न बघताच सही केली गं, नंतर घाबरून जाऊन पुन्हा सगळा माल तपासला. तो माल बरोबर निघाला होता. मी म्हटलं, विसर आता. हे तिने मला सांगितलं होतं, फक्त मला.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी ते प्रकरण झालं. आम्ही यंत्रांत बसवायचे रबरी सील बनवायचो. दिसायला सारखेच असे दोन मापांचे सील एकाच दिवशी एकाच गिऱ्हाइकाला जायचे होते. लेबलं अदलाबदल झाली. मोठ्या मापाच्या खोक्यांवर लहान मापाचं लेबल. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात काम बंद पडलं आणि त्यांचा कडक मेल आला. साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. खोकी बंद झाल्यावर शेवटची नजरही क्वालिटीनेच टाकायची असा नियम होता आणि तिथेही ताईची सही होती. लेबलं मी छापली होती. साहेब म्हणाले, तोंडी काही नको, उद्या दहापर्यंत दोघींनी मला मेलवर लेखी उत्तर द्या, मग बघतो. एकीला तरी झळ बसणार हे त्यांच्या आवाजातच होतं.

लेबलं मीच चुकीची लावली होती. हे मी आज लिहू शकते. त्या दिवशी मला ते स्वतःशीही म्हणता येत नव्हतं. मी मनात म्हणत होते की शेवटची नजर तिची होती, मग चूक माझी एकटीची कशी.

साडेपाचला ताईने पर्स उचलली. जाता जाता म्हणाली, “मी उत्तर लिवलंय गं. सव्वानऊला लावलंय.” आणि तिची स्कूटी घेऊन निघून गेली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वानऊला काय लावतात हे आम्हा दोघींशिवाय कोणाला ठाऊक होतं? सव्वानऊला राग लावतात. अकरा वर्षांत आमच्यापैकी कोणीही चांगला मेल सव्वानऊला लावला नव्हता. म्हणजे हिने माझ्याविरुद्ध लिहिलं. म्हणजे हिने सगळं माझ्यावर ढकललं आणि वर मला सांगून गेली. कंपनीची बस सुटायला वीस मिनिटं होती. मी बसले आणि लिहिलं.

काय लिहिलं ते मला पाठ आहे. लिहिलं की ताईंचं लक्ष गेले कित्येक महिने कामात नाही. त्यांचे पती अंथरुणाला खिळल्यापासून त्या झोपेत असतात. त्या माल न बघता सह्या करतात, आणि हे त्यांनी स्वतः माझ्याजवळ कबूल केलं आहे. अशा व्यक्तीच्या सहीवर माल बाहेर पाठवणं धोक्याचं आहे. ताईंचं, त्यांनी, त्या. कागदावर मी तिला किती मान दिला होता.

पाठवायला बोट नेलं आणि सवयीने बाण उघडला. उद्या, सव्वानऊ. मनात म्हटलं, सकाळी नऊला तिचा बघेन आणि मग माझा ठरवेन. असं म्हटलं म्हणून मी स्वतःला अजून थोडं माफ करते. पण तो मेल लिहिला होता हे खरंच.

घरी आले. जेवताना नवऱ्याने काय झालं विचारलं, त्याच्यावरच ओरडले. सकाळी उठले तेव्हा राग उतरला होता. नेहमीप्रमाणे. आंघोळ करतानाच मला त्या मेलची लाज वाटायला लागली. तिच्या तोंडचं बोलणं, जेवताना विश्वासाने सांगितलेलं, मी साहेबांच्या पुढ्यात टाकणार होते. नऊला पोचते आणि रद्द करते, तिला काही कळणारही नाही, असं घोकत मी बसमध्ये बसले.

चौक गावाच्या पुढे हायवेवर एक टँकर आडवा झाला होता. आमची बस मागे अडकली. पाऊण तास एक चाक हललं नाही. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. कंपनीचा मेल मोबाइलवर उघडायला बंदी होती, तो फक्त ऑफिसातल्या संगणकावर चालायचा. ड्रायव्हर खाली उतरून बघून आला आणि म्हणाला की क्रेन यायची हाय, दहा तरी वाजतील. मी खिडकीची दांडी इतकी घट्ट धरली होती की तळहाताला वास लागला लोखंडाचा.

माझा पासवर्ड जगात एकाच माणसाला माहीत होता. रजा असली की एकमेकींच्या खात्यातून कागद पाठवता यावेत म्हणून आम्ही ते एकमेकींना सांगितले होते. कोणालाही सांगू नका असं कंपनीने सतरांदा बजावलं होतं, आणि आम्ही सतरांदा मान हलवली होती.

ताईला फोन केला तर ती माझं खातं उघडणार. नाही केला तर मेल सव्वानऊला साहेबांकडे जाणार, आणि तो एकदा गेला की कोणतंही बटण नाही. नऊ वाजून गेले. मी फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला. मनात एकदा असंही आलं की जाऊ दे, तिनेही लिहिलंच आहे ना. ते मी पुढे रेटलं नाही एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. नऊ वाजून आठ मिनिटांनी मी फोन लावला.

सांगितलं की अडकले आहे, माझं खातं उघड, शेड्यूल्डमध्ये एक मेल आहे तो रद्द कर, लगेच. आणि म्हटलं, “ताई, वाचू नकोस. नुसता रद्द कर.”

ती म्हणाली, “बरं गं, थांब.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. माझा पासवर्ड ती हळू हळू टाकत होती, बटणांचा आवाज येत होता. कपबशी ठेवल्याचा आवाज आला, म्हणजे चहा घेऊन बसली होती. मग माउसची टिचकी ऐकू आली.

मी एक गोष्ट विसरले होते, किंवा विसरायचं ठरवलं होतं. त्या कप्प्यातला मेल रद्द केला की तो गायब होत नाही. तो मसुदा होतो आणि आख्खा समोर उघडतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. न वाचता रद्द करता येईल अशी त्याची रचनाच नाही. अकरा वर्षं आम्ही तेच तर बघत होतो, रद्द केला की मेल पुन्हा आख्खा समोर.

मी हॅलो हॅलो करत राहिले. मग ताईचा आवाज आला, नेहमीसारखाच, जरा बारीक. “काढला मेल. गेला नाय. सावकाश या तुमी.”

तुमी. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी सव्वादहाला पोचले. माझ्या टेबलावर चहाचा कप बशी झाकून ठेवलेला होता, गार झालेला. ताई तिच्या टेबलावर चिठ्ठ्या तपासत होती. मी बस, टँकर, क्रेन असं काहीबाही बोलले. ती मान न वर करता म्हणाली की ड्राफ्टमध्ये आहे, पुसलेला नाही, तुमचा आहे म्हणून हात लावला नाही. मला तिच्या पायाशी बसून रडायचं होतं. मी संगणक चालू केला. आपल्यात रडायची हिंमत नसते तेव्हा आपण काम करतो.

साहेबांना मी दहा उलटून गेल्यावर उत्तर दिलं. लेबलं माझ्या हातून चुकली असं लिहिलं. ते म्हणाले, अहो, ताईंनी केव्हाच कबूल केलंय की चूक त्यांची, शेवटची पाहणी राहिली. तुम्ही उगाच त्यांना वाचवायला बघू नका. मी पुन्हा सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, मैत्रीण असावी तर अशी. यापेक्षा कोणी थोबाडीत मारली असती तर बरं.

ताईचा सहीचा अधिकार काढला. तिला माल मोजायच्या कामावर टाकलं. ती गेली आणि मोजू लागली. जेवायला आम्ही अजूनही एकत्र बसायचो, कारण वेगळं बसलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. बिरडं यायचं आणि माझ्या झाकणात पडायचंही. फक्त आता ती विचारायची, “घेणार का तुमी?” घरचं एक अक्षर बोलायची नाही. मी एकदा नवऱ्याच्या तब्येतीचं विचारलं तर म्हणाली, बरा हाय. सकाळी नऊला ती चहा घेऊन खिडकीशी उभी राहायची. सव्वानऊ हा शब्द आमच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही.

मी माफी मागितली नाही असं नाही. महिन्याभराने पार्किंगमध्ये तिच्या स्कूटीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, ताई, चुकले. तिने हेल्मेट घातलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “मेल गेला नाय ना? मंग झालं की. कशाला मनाला लावून घेता?” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला त्याचं काहीतरी करता आलं असतं, रागाचे मला सगळे उपाय माहीत आहेत, तिनेच शिकवलेले.

भातकापणीच्या दिवसांत तिने नोकरी सोडली. नवऱ्याकडे बघायला कोणी नाही असं कारण दिलं आणि ते खरंही होतं. शेवटच्या दिवशी तिने तिची मापपट्टी, किल्ल्या आणि मोजणीची वही माझ्या टेबलावर ठेवून यादीवर माझी सही घेतली. नवीन माणूस मिळेपर्यंत तिचं काम माझ्याकडे आलं आणि पद्धतीप्रमाणे तिचं मेलचं खातंही. जुने तपासणीचे कागद त्यातच होते.

गिऱ्हाइकाला एक जुना दाखला हवा होता म्हणून मी तिचे ड्राफ्ट उघडले. मला वाटलं होतं तिथे माझ्यासारखाच रागांचा ढीग असेल. दोन-चार होते, एक पाण्याच्या टाकीबद्दल, एक पगाराच्या उशिराबद्दल. आणि एक त्या संध्याकाळचा, साहेबांच्या नावे. ताई नेहमी मराठीतच लिहायची, इंग्रजीत लिहिलं की दुसऱ्याचे कपडे घातल्यासारखं वाटतं म्हणायची.

त्यात लिहिलं होतं: लेबलं तिच्या हातून बदलली हे खरं आहे, पण शेवटची नजर माझी होती, म्हणून चूक माझी धरावी. तिला बोलू नये. ती रागीट आहे, तोंडाने जे येईल ते बोलते, पण पाठीमागे कधी कोणाचं वाईट करणार नाही. अकरा वर्षं मी तिच्या शेजारी बसते, माझ्या घरचं सगळं तिला माहीत आहे आणि ते कधी बाहेर गेलं नाही. मला काढलं तर माझ्या जागी तिलाच घ्या. तिच्या सहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.

मग तिच्या पाठवलेल्या मेलचा कप्पा उघडला. त्या सकाळी साहेबांना गेलेला मेल एकच, एका ओळीचा. चूक माझी आहे, शेवटची पाहणी राहिली. त्यात माझं नावही नव्हतं, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

म्हणजे सव्वानऊला तिने राग लावला नव्हता. मोठा मेल होता, रात्रभर राहू द्यावा, सकाळी एकदा वाचून बघावा, एवढंच. माझा मेल रद्द करून झाल्यावर तिच्या हातात तीन-चार मिनिटं उरली होती. तेवढ्यात तिने आपलं खातं उघडलं आणि आपलाही मेल काढून घेतला. चूक तिने तशीच अंगावर घेतली. फक्त माझ्याबद्दलचं सगळं मागे घेतलं.

तो मसुदा अजून तिथेच आहे. पाठवायचं बटण त्याच्याखाली निळं दिसतं. माझाही माझ्या खात्यात आहे. दोन्ही पुसायचा अधिकार आता माझाच आहे आणि मी दोन्ही पुसत नाही. नव्या मुली टेबलावर आल्या की मी त्यांना तीस सेकंदांचं सेटिंग करून देते, बाणही दाखवते, आणि त्या खूश होतात की ताई, बरं झालं सांगितलंत, नाहीतर नंतर पस्तावायची पाळी येते.

ते खरंच आहे. तिचा तो मोठा मेल साहेबांना गेला असता तर ताईला जन्मभर पस्तावा झाला असता, की हे मी कोणाबद्दल लिहून बसले. त्यातून ती वाचली, कारण नऊ वाजून आठ मिनिटांनी मी तिला फोन केला होता.